‘हजारो चिमुकल्यांच्या आयुष्यात प्रकाश’ म्हणजे नक्की किती मुलं? एनजीओचा इम्पॅक्ट रिपोर्ट आकड्यांत कसा लिहितात

मार्च संपत आला की सामाजिक संस्थांच्या ऑफिसात एकच गडबड असते, वार्षिक अहवालाची. देणगीदाराला पाठवायचा, वेबसाईटवर टाकायचा, इन्स्टाग्रामवर त्यातल्या दोन ओळी फोटोसह फिरवायच्या. आणि मग असा एक परिच्छेद तयार होतो:

“संस्थेच्या अथक प्रयत्नांमुळे दुर्गम पाड्यांवरील हजारो चिमुकल्यांच्या आयुष्यात ज्ञानाचा प्रकाश पोहोचला. कालपर्यंत अक्षरही न ओळखणारी मुलं आज आत्मविश्वासाने पुस्तकं वाचू लागली आहेत. पालकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आहेत आणि शिक्षकांना नवी उमेद मिळाली आहे.”

वाचायला छान वाटतं. पण हे वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारून बघा. किती मुलं आधी वाचत नव्हती आणि आता वाचतात? या चार ओळींमध्ये त्याचं उत्तर नाही.

असा परिच्छेद आकड्यांत नव्याने लिहायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे आपण एका उदाहरणातून बघू. उदाहरणातली संस्था आणि तिचे आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत. पद्धत मात्र खरी आहे, शिक्षणावर काम करणाऱ्या संस्था ती वापरतात.

आधी हे, की याची गरज कुणाला?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. हा पैसा मोठ्या प्रमाणात संस्थांमार्फत खर्च होतो. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. ज्या कंपनीची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं इम्पॅक्ट असेसमेंट स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं.

म्हणजे १ कोटीच्या खालच्या प्रकल्पांना ही सक्ती नाही. आणि गावपातळीवर काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे बहुतेक प्रकल्प काही लाखांचे असतात. तिथे बाहेरून कुणी मोजायला येत नाही. संस्थेने स्वतः लिहिलेला अहवाल हाच काय तो पुरावा. म्हणून त्यातल्या शब्दांना जास्त वजन.

‘हजारो’ आले कुठून?

समजा, आपली संस्था पालघरसारख्या जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात काम करते. १८ जिल्हा परिषद शाळा, तिसरी ते पाचवीचे वर्ग. जी मुलं वाचनात मागे आहेत त्यांच्यासाठी रोज दीड तास वेगळा वर्ग, दहा-दहा दिवसांच्या चार फेऱ्या, म्हणजे एकूण ४० दिवस. सोबत दर महिन्याला प्रत्येक शाळेत पुस्तकपेटी.

अहवाल नव्याने लिहायला घेतला की पहिलं काम म्हणजे प्रत्येक मोठ्या शब्दाच्या मागे कुठलं रजिस्टर आहे ते शोधणं. ‘हजारो’च्या मागे निघालं पुस्तकपेटीचं रजिस्टर. दर महिन्याला साधारण ४०० मुलं पुस्तक नेतात, आठ महिन्यांचे झाले ३,२००. त्यात चाचणी दिलेली ६४० मुलं मिळवली की ३,८४०. झाले हजारो!

पण हीच ती मुलं आठ वेळा मोजली गेली आहेत. तिसरीतल्या एका मुलीने आठ महिने पुस्तक नेलं, तर ती या हिशोबात आठ ‘लाभार्थी’ झाली. चाचणीत ती पुन्हा आली, म्हणजे नऊ. यात कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं असतंच असं नाही. दर महिन्याचा अहवाल वेगळा जातो आणि वर्षाच्या शेवटी कुणीतरी एक्सेलमध्ये सगळ्याची बेरीज करतं. उपाय साधा आहे. मुलांची नावं किंवा ओळख क्रमांक एका यादीत आणायचे आणि प्रत्येक मूल एकदाच मोजायचं.

तसं केल्यावर वाचनवर्गात बसलेली मुलं निघाली ३७०. ३,८४० वरून थेट ३७०. इथेच बऱ्याच टीम थबकतात.

वर्ग घेतले, हा परिणाम नाही

४० दिवस वर्ग घेतले, ३७० मुलं बसली, पुस्तकं वाटली. हे सगळं संस्थेने केलेलं काम झालं, याला आऊटपुट म्हणतात. त्यामुळे मुलांमध्ये काय बदललं, तो आऊटकम. अहवालांमध्ये सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. काम सांगितलं जातं, बदल गृहीत धरला जातो.

बदल सांगायचा तर तो दोनदा मोजावा लागतो. काम सुरू होण्याआधी एकदा, ती बेसलाईन. काम झाल्यावर पुन्हा, ती एंडलाईन. वाचनासाठी भारतात एक सोपी, ओळखीची मोजपट्टी आहे. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ती वापरतं. मुलाला एकेकट्याने समोर बसवून वाचायला देतात आणि त्याची पातळी ठरवतात: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. निकष ठरलेले असतात. पाचपैकी किमान चार अक्षरं ओळखली तरच मूल ‘अक्षर’ पातळीवर. तेवढीही जमली नाहीत तर ‘प्रारंभिक’.

दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. एंडलाईनला मजकुराचा वेगळा नमुना द्यायचा, नाहीतर मुलं तोच उतारा पाठ म्हणतात. आणि ज्या ताईंनी वर्ग घेतला, त्यांनीच त्या मुलांची चाचणी घ्यायची नाही. स्वतः शिकवलेलं मूल अडखळलं की ‘अरे, येतं तुला, वाच वाच’ असं कुणाच्याही तोंडून निघून जातं.

आपल्या संस्थेने जुलैमध्ये ६४० मुलांची चाचणी घेतली. त्यातल्या ३७० मुलांना परिच्छेद वाचता येत नव्हता. वर्ग याच मुलांचे झाले. मार्चमध्ये पुन्हा चाचणी घेतली तेव्हा १३१ मुलं परिच्छेद किंवा त्यापुढचं वाचत होती.

१३१ हा खरा, हाताशी असलेला आकडा. पण तो ‘कितीपैकी’ १३१?

न भेटलेली ५८ मुलं

मार्चमध्ये ३७० पैकी ३१२ मुलंच भेटली. ५८ मुलं नव्हती. त्यातली ४१ आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली, बाकीची त्या दिवशी गैरहजर किंवा शाळा बदललेली.

१३१ भागिले ३१२ म्हणजे ४२ टक्के. १३१ भागिले ३७० म्हणजे ३५ टक्के. अहवालात साहजिकच ४२ लिहिला जातो. ४२ चूक नाही, पण न भेटलेली ५८ मुलं नेमकी कोण, हे सांगितल्याशिवाय तो अर्धवट आहे. म्हणून सुरुवातीच्या पातळीनुसार आकडे वेगळे करून बघायचे:

| जुलैतली पातळी | मुलं | मार्चमध्ये भेटली | परिच्छेद वाचू लागली |
|---|---|---|---|
| प्रारंभिक | ६० | ४६ | ५ |
| अक्षर | १५० | १२२ | ३१ |
| शब्द | १६० | १४४ | ९५ |
| एकूण | ३७० | ३१२ | १३१ |

हा तक्ता नीट बघा, कारण सगळी गोष्ट इथे आहे.

‘शब्द’ पातळीवरची १० टक्के मुलं शेवटी भेटली नाहीत. ‘प्रारंभिक’ पातळीवरची मात्र २३ टक्के. म्हणजे जी मुलं सगळ्यात मागे होती, तीच जास्त प्रमाणात गळाली. कमकुवत मुलं हिशोबातून बाहेर पडली की उरलेल्यांची टक्केवारी आपोआप चांगली दिसते, कुणी काही न करता. म्हणून दोन्ही आकडे द्यायचे: भेटलेल्यांपैकी ४२ टक्के, आणि न भेटलेलं एकही मूल वाचत नाही असं धरलं तर ३५ टक्के. खरं प्रमाण बहुधा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता मूळ अहवालातलं ते वाक्य आठवा: “कालपर्यंत अक्षरही न ओळखणारी मुलं आज आत्मविश्वासाने पुस्तकं वाचू लागली आहेत.” अक्षरं न ओळखणारी मुलं म्हणजे तक्त्यातली पहिली ओळ. त्यातली परिच्छेदापर्यंत पोहोचली फक्त ५. यशाचा मोठा भाग, १३१ पैकी ९५, अशा मुलांचा आहे ज्यांना जुलैमध्येच शब्द वाचता येत होते आणि थोडा धक्का हवा होता. हे यशच आहे, पण अहवालाने ते दुसऱ्याच मुलांच्या नावावर टाकलं. भावनिक वाक्याचा त्रास फक्त संदिग्धतेचा नसतो. जी मुलं अजून मागेच आहेत, ती त्या वाक्यात ‘वाचू लागली’ म्हणून मोजली जातात आणि मग पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळं काही करायला हवं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या ओळीवर अन्यायही करायचा नाही. त्या ४६ पैकी ११ मुलं तिथेच राहिली, पण १७ अक्षरांपर्यंत, १३ शब्दांपर्यंत आणि ५ परिच्छेदापर्यंत गेली. म्हणजे ३५ मुलं किमान एक पायरी चढली. ४० दिवसांत हे कमी नाही. फक्त त्याला ‘पुस्तकं वाचू लागली’ म्हणता येत नाही.

ही मुलं तशीही वाचायला शिकलीच असती का?

जुलै ते मार्च म्हणजे नऊ महिने. मुलं शाळेत जात होती, गुरुजी शिकवत होते. काही मुलं संस्था नसती तरी पुढे गेलीच असती. त्यांना वजा केल्याशिवाय ‘आमच्यामुळे’ हा शब्द वापरता येत नाही.

त्यासाठी तुलनेचा गट लागतो. आपल्या संस्थेचं नशीब असं, की पुढच्या वर्षी जिथे काम सुरू करायचं होतं त्या ६ शाळांतही तिने याच दोन वेळी चाचणी घेऊन ठेवली होती. तिथे परिच्छेद न येणारी १२० मुलं होती. मार्चमध्ये त्यातली १०४ भेटली आणि २३ परिच्छेद वाचू लागली होती. म्हणजे २२ टक्के, वर्ग नसतानाच.

आता हिशोब सोपा आहे. ३१२ मुलांच्या २२ टक्के म्हणजे साधारण ६९ मुलं तशीही पुढे गेली असती. १३१ वजा ६९, उरली ६२. न भेटलेली मुलं धरून केलेल्या हिशोबात हाच आकडा ६० येतो. संस्थेच्या वर्गांमुळे पडलेली भर साधारण ६० मुलांची, असं म्हणता येईल.

इथे लिहिताना एक सापळा असतो. २२ टक्के आणि ४२ टक्के यातला फरक २० टक्के-अंकांचा. पण २२ च्या तुलनेत ४२ म्हणजे ‘जवळपास दुप्पट’ किंवा ‘९० टक्के वाढ’ असंही लिहिता येतं, आणि हेडलाईनला तेच आवडतं. वाचकाची दिशाभूल टाळायची असेल तर दोन्ही मूळ आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे, बास.

तुलनेचा गट म्हणून कुठल्याही सहा शाळा धरून चालत नाही, हेही तितकंच खरं. या सहा शाळा रस्त्यापासून लांब असतील, शिक्षक कमी असतील, तर तिथे मुलं कमीच पुढे जाणार आणि संस्थेचं काम आहे त्याहून मोठं दिसणार. ‘प्रथम’च्याच ‘बालसखी’ कार्यक्रमाचा मुंबई आणि वडोदऱ्यात जो अभ्यास झाला, त्यात ही अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवली होती. कुठल्या शाळेत बालसखी तिसरीला द्यायची आणि कुठल्या शाळेत चौथीला, हे सोडतीने ठरवलं गेलं. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या शाळांना मदत मिळाली आणि एकमेकींशी तुलनाही झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचे गुण वाढल्याचं दिसलं. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातली बरीच वाढ ओसरलेली होती, आणि हेही अभ्यासात स्पष्ट लिहिलेलं आहे.

छोट्या संस्थेला एवढा अभ्यास परवडत नाही. मग किमान तुलनेच्या शाळा कशा निवडल्या, हे एका वाक्यात लिहायचं. तुलनेचा गटच नसेल तर ‘आमच्यामुळे’ऐवजी ‘या काळात’ लिहायचं. बदल दोनच शब्दांचा, पण दावा किती लहान आणि खरा होतो बघा.

आनंदाश्रूंचं काय करायचं?

‘आत्मविश्वास’ मोजला नव्हता, तो काढून टाकायचा. पालकांचे आनंदाश्रूही गेले. ‘शिक्षकांना नवी उमेद’ मात्र लगेच खोडू नये. अशा वाक्यामागे बऱ्याचदा काहीतरी दिसलेलं असतं. कार्यकर्त्याला विचारलं, ‘उमेद म्हणजे काय बघितलंत?’ तर तो सांगतो, ‘अहो, काही शाळांत आता शिक्षक स्वतःच मुलांचे गट पाडून शिकवतात.’ किती शाळांत? शाळाभेटीच्या वहीत बघितलं तर १८ पैकी ९. मिळालं वाक्य! ‘मार्चमधील शाळाभेटीत १८ पैकी ९ शाळांमध्ये शिक्षक स्वतः वाचनगट घेताना आढळले.’

एखाद्या मुलीची गोष्ट अहवालात हवीच असेल तर जरूर द्यावी, पण ती कशी निवडली तेही सांगावं. सगळ्यात पुढे गेलेली मुलगी निवडायची आणि तिची गोष्ट सगळ्यांची म्हणून सांगायची, हे नको. ३१ जणांमधली एक की ५ जणांमधली एक, एवढं कळलं तरी पुरतं. नाव, गाव, चेहरा न दाखवताही गोष्ट सांगता येते.

नव्याने लिहिलेला परिच्छेद

“जुलैमध्ये १८ जिल्हा परिषद शाळांतील तिसरी ते पाचवीच्या ६४० मुलांची वाचन चाचणी घेतली. त्यातील ३७० मुलांना पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येत नव्हता. त्यांच्यासाठी ४० दिवस वर्ग घेतले. मार्चमध्ये यातील ३१२ मुलांची पुन्हा चाचणी झाली आणि १३१ मुलं (४२ टक्के) परिच्छेद वाचू शकली. ५८ मुलं भेटली नाहीत, त्यातील ४१ कुटुंबासोबत स्थलांतरित झाली होती. ती वाचत नाहीत असं धरल्यास प्रमाण ३५ टक्के होतं. वर्ग नसलेल्या ६ शाळांत याच काळात १०४ पैकी २३ मुलं (२२ टक्के) या पातळीवर पोहोचली. त्यावरून वर्गांमुळे पडलेली भर सुमारे ६० मुलांची असावी. या शाळा सोडतीने निवडलेल्या नसल्यामुळे हा अंदाज ढोबळ आहे. सुरुवातीला अक्षरं न येणाऱ्या ४६ मुलांपैकी ३५ किमान एक पातळी पुढे गेली, मात्र परिच्छेदापर्यंत ५ च पोहोचली. १८ पैकी ९ शाळांत शिक्षक आता स्वतः वाचनगट घेतात.”

संस्थेतून यावर येणारी पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘हे वाचून पैसे कोण देईल?’ भीती खोटी नाही. प्रकल्पाचा खर्च ७ लाख ४० हजार असेल तर मुलामागे तो २,००० रुपये दिसतो. पण भर पडलेल्या ६० मुलांमागे तोच १२,००० च्या वर जातो, आणि शेजारच्या संस्थेच्या अहवालात ‘फक्त २०० रुपयांत एका मुलाचं भविष्य’ असं छापलेलं असतं. अशी तुलना झाली तर खरं लिहिणाऱ्याचंच नुकसान होऊ शकतं. म्हणून निधी देणाऱ्यानेही दोन प्रश्न विचारायला हवेत: हे २०० रुपये भागिले कितीने केले, आणि मूल एकदाच मोजलंय का?

दुसरीकडे, या परिच्छेदातून पुढच्या वर्षीची मागणी आपसूक तयार होते. अक्षरं न येणाऱ्या मुलांना ४० दिवस पुरत नाहीत, त्यांच्यासाठी जास्त दिवस आणि लहान गट हवेत. ४१ मुलं दिवाळीनंतर गावात नसतात, म्हणून त्यांचे वर्ग जुलै ते ऑक्टोबरमध्येच उरकायला हवेत आणि एक चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यायला हवी. आणि मार्चमध्ये वाचणाऱ्या १३१ मुलांपैकी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर किती वाचतात, यासाठी नवी शाळा सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा एकदा समोर बसवून, नवा उतारा देऊन बघावं लागेल.